भेटी छान होतात, पण ओढ वाढत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-पाच वेळा भेटलो. प्रत्येक वेळी मजा आली. तरी मनात काही हलत नाही. असे होऊ शकते का?

होते, आणि बऱ्याच जणांचे होते. भेट चांगली जाणे आणि ओढ वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्पा रंगणे, विनोद कळणे, जेवणाची आवड जुळणे, वेळेवर येणे, वेटरशी नीट बोलणे यांनी संध्याकाळ छान जाते. त्यातून एवढेच कळते की माणूस चांगला आहे आणि तुमचे सूत जमते. ती संध्याकाळ संपल्यावर तुमच्यात काय उरते, ते तेवढ्यावरून कळत नाही.

गोंधळ होतो तो ओळखीमुळे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला अधिक आवडू लागते. माणसांच्या बाबतीतही हे दिसते. त्यामुळे पाचव्या भेटीत पहिल्या भेटीपेक्षा मोकळे वाटणारच. हा मोकळेपणा वाढला की आपण म्हणतो, ‘बघ, हळूहळू जमतंय.’ पण जी वाढते आहे ती सवय असू शकते, आणि अशी सवय ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवरच्या माणसाचीही होते.

पण प्रेम हळूहळूही फुलते ना? मग किती भेटी थांबावे?

फुलते. डॅनू स्टिन्सन आणि सहकाऱ्यांच्या 2021 मधल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितले की त्यांचे नाते आधी मैत्री म्हणून सुरू झाले होते. त्यामुळे पहिल्या भेटीत छाती धडधडली नाही म्हणून माणूस सोडून देऊ नये. पहिल्या दोन भेटींत बरेच लोक अवघडलेलेच असतात. अबोल माणूस तिसऱ्या भेटीत कुठे बोलू लागतो.

मात्र मैत्रीतून जुळणाऱ्या नात्यात एक सोय असते, ती इथे नाही. तिथे कोणी उत्तराची वाट बघत नसते. दोघे एका नाटकमंडळीत असतात, एका बँकेत असतात, आणि दोन वर्षांनी एके दिवशी काहीतरी बदलते. तुम्ही मात्र जोडीदार शोधण्यासाठीच भेटत आहात. प्रत्येक नव्या भेटीचा समोरच्याने लावलेला अर्थ ‘होकाराकडे चाललोय’ असा असतो. त्यामुळे थांबण्याची किंमत तुम्ही एकटे मोजत नाही.

आम्ही ढोबळमानाने असे सांगू: चार ते सहा भेटी, दीड-दोन महिन्यांत. पण आकड्यापेक्षा दिशा बघा. तिसऱ्या भेटीनंतर पहिलीपेक्षा थोडे जास्त आणि चौथीनंतर आणखी थोडे जास्त वाटत असेल, तर दहा भेटी घ्या, कोणाचे काही बिघडत नाही. पहिल्या भेटीनंतर जेवढे वाटले तेवढेच पाचवीनंतर वाटत असेल, किंवा त्याहून कमी, तर सहावी भेटही बहुधा तेच सांगेल.

दिशा बघायची म्हणजे नेमके कशाकडे बघायचे?

भेटीच्या आत बघू नका, दोन भेटींच्या मधल्या दिवसांकडे बघा. भेटीत दोघेही आपले चांगले वागणे घेऊन आलेले असतात. समोर समुद्र असतो, हातात चहा असतो. ओढ असली तर ती मंगळवारी दुपारी कामाच्या गडबडीत दिसते.

काही ताजे, आनंदाचे किंवा चिडीचे घडले की ते सांगावेसे वाटणाऱ्या माणसांत या व्यक्तीचे नाव आपोआप येते का, की आठवण करून घ्यावी लागते? तिचा मेसेज आला की लगेच उघडता, की ‘निवांत उत्तर देऊ’ म्हणून बाजूला ठेवता आणि मग दोन दिवसांनी उत्तर देणे बाकी असल्याचे आठवते? पुढच्या भेटीचा दिवस तुम्ही कधी सुचवलात, की दर वेळी समोरून विचारणा झाली आणि तुम्ही ‘चालेल’ म्हणालात?

सर्वांत बोलकी खूण म्हणजे रद्द झालेली भेट. समोरून फोन येतो, ‘आज शिफ्ट बदलली, जमत नाही.’ त्या क्षणी पहिल्या दोन सेकंदांत काय वाटले? हिरमुसायला झाले, की खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे? नंतर मन स्वतःला समजावू लागते, म्हणून पहिली दोन सेकंदेच खरी धरा. एकदा सुटका वाटली तर तो थकवा असू शकतो. दोनदा वाटली तर ते उत्तर आहे.

शरीराचेही ऐका. शेजारी बसल्यावर अंतर कमी व्हावेसे वाटते का? हात हातात घेतला गेला तेव्हा तो तसाच राहावा असे वाटले, की समोरच्याला वाईट न वाटता तो कधी सोडवता येईल याचा विचार चालू होता? किळस किंवा भीती वाटत नाही, एवढ्याने ओढ सिद्ध होत नाही. काहीच न वाटणे हेही एक वाटणे आहे, आणि ते मोजायचे असते.

प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री फोनमध्ये तीन ओळी लिहून ठेवा: काय आवडले, घरी परतताना कसे वाटले, पुन्हा कधी भेटावेसे वाटते. चार भेटींच्या नोंदी एकाखाली एक वाचा. आठवणीत सगळ्या भेटी एकसारख्या गोड होऊन बसतात, लिहिलेल्या ओळी तशा होत नाहीत.

हा माझाच थकवा किंवा भीती नसेल कशावरून?

असू शकते, आणि हे तपासल्याशिवाय नकार देऊ नये. तपासायचा प्रश्न साधा आहे: ओढ फक्त या माणसाबद्दल नाही, की सध्या कशाबद्दलच नाही? गाणे, मित्र, आवडते जेवण, रविवारची सकाळ, सगळेच बेचव लागत असेल तर दोष या नात्याचा नसेल. जुने नाते नुकतेच तुटले असेल, झोप होत नसेल, घरात आजारपण चालू असेल तर असे होते. नैराश्यावरची काही औषधेही शारीरिक इच्छा मंदावतात. तशी शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, औषध मनाने बंद करू नका.

भीतीचे रूप वेगळे असते. भीतीत आधी ओढ असते, जवळीक वाढू लागली की माणूस एकदम मागे सरतो आणि समोरच्यात खोट काढू लागतो. ‘हसतोच कसा’, ‘चप्पल कसली घातली’. ओढ नसते तेव्हा खोटही सापडत नाही. विचारले तर तुम्ही त्या व्यक्तीचे मनापासून कौतुक कराल आणि तरी भेटायला जाताना पाय रेंगाळतील.

काही लोकांना खोल ओळख झाल्याशिवाय कोणाबद्दलच शारीरिक आकर्षण वाटत नाही, आणि काहींना ते एरवीही फारसे वाटत नाही. तुमचा स्वभाव असा असल्याचे आधीच्या अनुभवावरून माहीत असेल, तर ते समोरच्याला सांगून जास्त वेळ मागणे योग्य आहे. सांगितले मात्र पाहिजे. न सांगता मागितलेला वेळ म्हणजे समोरच्याला अंधारात उभे करणे.

सगळे जुळते आहे. भाषा, घराणे, शिक्षण, दोघांची नोकरी गोव्यातच. लग्नानंतर प्रेम होईलच ना?

होईलही. ठरवून केलेल्या लग्नांत अनेकांचे होते. पण तिथे दोघांनाही माहीत असते की आपण ओढीच्या आधी बाकीचे बघून ठरवतो आहोत. तुमच्या बाबतीत समोरच्याला तुम्ही त्याच्यात गुंतत आहात असे वाटत असेल आणि तुम्ही मनात जमाखर्च मांडत असाल, तर दोघे वेगवेगळ्या करारावर सही करत आहात. तुम्हाला ओढीशिवायही हे स्थळ हवे असेल तर तसे उघड बोला. समोरच्याला ते मान्य असेल तर पुढे जा. तो निर्णय त्यालाही घेऊ द्या.

माणूस इतका चांगला आहे की नाही म्हणायला जीव धजत नाही. हा माझा दुबळेपणा आहे का?

दुबळेपणा नाही, हे जवळपास सगळ्यांचे होते. टोरांटो विद्यापीठात समांथा जोएल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. न आवडणाऱ्या व्यक्तीने भेटायचे विचारले तर काय कराल, असे काहींना नुसते कल्पनेने विचारले. काहींना वाटू दिले की ती व्यक्ती खरोखरच उत्तराची वाट बघते आहे. दुसऱ्या गटात होकार देणारे कितीतरी जास्त निघाले. कारण समोरच्याचे मन दुखावायला नको. आपण नकार किती सहज देऊ याचा आपला अंदाज अनेकदा चुकतो, म्हणून ‘पुढच्या भेटीत बघू, वेळ आली की सांगेन’ यावर विसंबू नका. वेळ आली की तुम्ही पुन्हा ‘चालेल’ म्हणाल.

दुसरी गोष्ट रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये नोंदवली. एकतर्फी प्रेमाच्या कहाण्या दोन्ही बाजूंनी लिहून घेतल्या तेव्हा नकार देणाऱ्यांनाही बराच त्रास झालेला दिसला: अपराधीपणा, कसे वागावे ते न कळणे. प्रेम करणाऱ्याने कसे वागायचे याचे हजार नमुने गाण्यांत, सिनेमांत असतात. नाकारणाऱ्याने काय बोलावे याचा नमुनाच नसतो. आणि ज्यांना नकार मिळाला त्यांना मागे वळून बघताना बहुतेक वेळा वाटत होते की आपल्याला आशा दाखवली गेली, सरळ कोणी काही सांगितले नाही. दुखणे नकाराने येतेच, पण जास्त काळ टिकते ते या धूसरपणामुळे.

एखादे उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा ती पर्वरीची, नोकरी पणजीत. तो मडगावचा, वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. मैत्रिणीच्या मावशीने ओळख करून दिली. सात आठवड्यांत पाच भेटी झाल्या.

पहिली पणजीत, भाजी-पाव आणि चहा. तासाभराचे दोन तास झाले. तिने लिहिले: ‘बोलायला मस्त. घरी येताना हलकं वाटलं.’ दुसरी मिरामारला, वाळूवर चालत, पुन्हा छान. तिसऱ्यांदा जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला. बोटीत त्याने तिचा हात धरला. तिने सोडवला नाही, पण धक्का येईपर्यंत ती पाण्याकडे बघत मिनिटे मोजत होती. त्या रात्री तिने लिहिले: ‘दिवस सुंदर. तो चांगला आहे. हात धरला तेव्हा काही नाही.’ चौथी भेट त्याच्या शिफ्टमुळे आठवडाभर पुढे गेली, आणि कळले तेव्हा तिने चक्क सुटकेचा श्वास सोडला. नंतर मडगावात जेवण झाले. पाचवी भेट सिनेमा. तिने लिहिले: ‘सिनेमा होता ते बरं, बोलावं लागलं नाही.’

पाचही नोंदी एकत्र वाचल्यावर दिसते की भेटींचा दर्जा कुठेच घसरलेला नाही. तो तितकाच विनोदी, तितकाच काळजी घेणारा आहे. तिच्याकडून जाणारी ओढ मात्र पहिल्या भेटीत सर्वांत जास्त होती आणि तिथून उतरत गेली. तिला कोणी विचारले असते तर ती म्हणाली असती, ‘सगळं चांगलं चाललंय.’

खात्रीसाठी तिने सहावी भेट स्वतः ठरवली, आणि त्यात जाणूनबुजून काहीच ठेवले नाही. सिनेमा नाही, जेवण नाही, फिरणे नाही. रविवारी संध्याकाळी साडेपाचला कांपालच्या बागेत बाकावर, नदीकडे तोंड करून. देखावे आणि खाणेपिणे भेटीला उचलून धरतात. ते काढून घेतले की उरतात फक्त दोन माणसे. तासाभरात गप्पा कुठे अडल्या नाहीत, पण ही वेळ लांबावी असे तिला एकदाही वाटले नाही. तेव्हा तिचे ठरले. मंगळवारी रात्री तिने फोन केला.

सहावी भेट घेण्यात चूक नव्हती, कारण तिला खरेच कळत नव्हते. कळल्यावर सातवी घेतली असती तर ती चूक ठरली असती.

ठरल्यावर किती दिवसांत सांगावे?

दोन-तीन दिवसांत. त्याहून जास्त लांबवले तर मधले साधे मेसेजही खोटे होऊ लागतात. वाढदिवस किंवा परीक्षा अगदी उद्यावर असेल तर तेवढा एक दिवस जाऊ द्या. ‘आता चवथ आहे, मग दिवाळी आहे’ असे सुरू झाले तर वर्षभर सण संपत नाहीत.

उलट सणाच्या आधी सांगण्याला गोव्यात खास कारण आहे. ‘चवथीला घरी ये’ किंवा ‘आमच्या देवीच्या जत्रेला ये’ हे आमंत्रण नुसते आमंत्रण नसते. माटोळीखाली तुम्ही उभे राहिलात की आत्या, काका, शेजारी सगळ्यांनी तुम्हाला पाहिलेले असते, आणि प्रकरण दोघांचे राहत नाही. मनात नाही असे ठरले असेल तर ते आमंत्रण स्वीकारण्याआधी बोला. नंतर सांगितले तर समोरच्याला नकाराबरोबर घरच्या पन्नास जणांना उत्तरेही द्यावी लागतात.

समोरासमोर सांगावे, फोनवर की मेसेजवर?

एक-दोन भेटी झाल्या असतील तर मेसेज पुरेसा आहे. चार-सहा भेटी आणि रोजचे बोलणे असेल तर फोन. बरेच महिने झाले असतील किंवा शारीरिक जवळीक झाली असेल तर समोरासमोर, जिथे सुरक्षित वाटत असेल तिथे.

चार-सहा भेटींसाठी आम्ही फोनला पसंती देतो. त्यात आवाजातली आपुलकी पोचते आणि समोरच्याला चेहरा सावरत बसावे लागत नाही. समोरासमोर बोलावले तर तो तयार होऊन, मडगावहून तीस-पस्तीस किलोमीटर येणार, कदाचित काहीतरी घेऊनही येणार, आणि तुम्ही पंधरा मिनिटांत नाही म्हणणार. यात मोठा मान दिला असे वाटते, पण त्याला परतीचा तासभर एकट्याने काढावा लागतो.

समोरासमोरच सांगायचे असेल तर दोघांनाही स्वतःच्या वाहनाने जाता येईल असे बघा. तुम्ही त्याच्या स्कूटरवर मागे बसून आला असाल, किंवा शेवटची कदंब शटल निघून गेली असेल, तर हा विषय काढू नका. रात्री आठनंतर बसगाड्या विरळ होतात, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. फेरीबोटीतही नको, उतरता येत नाही. आणि त्याच्या नेहमीच्या चहाच्या ठिकाणी नको, तिथे त्याला उद्याही जायचे आहे.

फोनच्या आधी छोटा मेसेज करा: ‘आठच्या पुढे दहा मिनिटं बोलायला वेळ आहे का? आपल्या भेटींबद्दल बोलायचंय.’ हा मेसेज सकाळी नऊला पाठवू नका. अकरा तास तो माणूस फोन हातात धरून बसेल. फोनच्या अर्धा तास आधी पुरे.

नेमके शब्द काय वापरावेत?

चार वाक्ये पुरतात. वरच्या उदाहरणातली ती असे म्हणू शकते:

‘तुझ्याबरोबरच्या भेटी मला मनापासून आवडल्या. पण तुझ्याबद्दल जी ओढ वाटायला हवी ती माझ्या मनात आलेली नाही, आणि ती पुढे येईल असं मला वाटत नाही. म्हणून मला हे इथेच थांबवायचंय. तुला अंदाज बांधत बसावं लागू नये, म्हणून स्पष्ट सांगतेय.’

पहिले वाक्य खरे असेल तरच म्हणा, आणि एकदाच म्हणा. कौतुकाची यादी लांबली की समोरचा वाट बघू लागतो की ‘मग अडचण काय?’ दुसऱ्या वाक्यात कारण तुमच्या मनातले आहे, त्याच्यातली उणीव नाही. त्यातला ‘पुढे येईल असं वाटत नाही’ हा भाग सर्वांत जड जातो, म्हणून लोक तोच गाळतात, आणि तो गाळला की बाकीचे सगळे वाक्य ‘अजून थोडं थांब’ असे ऐकू जाते. तिसऱ्यात निर्णय आहे, प्रश्न नाही. ‘थांबवूया का?’ असे विचारले तर तुम्ही चर्चा उघडली.

मग गप्प बसा. शांतता पाच-दहा सेकंद टिकेल. ती भरून काढायच्या घाईत माणसे म्हणतात, ‘पण बघू, कोणास ठाऊक’, आणि केलेले सगळे पुसले जाते.

‘सॉरी’ म्हणावे की नाही?

शक्यतो नको. गिली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये नेमके हे तपासले. नकारात माफी जोडली की ऐकणाऱ्याला जास्त दुखावल्यासारखे वाटले, आणि मनातून क्षमा केलेली नसतानाही ‘असू दे, ठीक आहे’ म्हणण्याचा दबाव आला. म्हणजे माफीने तुमचे मन हलके होते आणि त्याच्यावर एक काम वाढते. खरोखर काही चुकले असेल, जसे दोन आठवडे उत्तरे टाळली असतील, तर त्या एका गोष्टीबद्दल माफी मागा. ओढ न वाटणे हा गुन्हा नाही, त्याची माफी नको.

कामाचा ताण आहे, घरचे मानणार नाहीत, असे सौम्य कारण दिले तर काय बिघडते?

प्रत्येक कारणावर उपाय असतो, आणि जो तुमच्यात गुंतला आहे तो तो शोधून आणतो. ‘सध्या काम फार आहे’ म्हटले तर तो मार्चनंतर फोन करेल. ‘घरचे मानणार नाहीत’ म्हटले तर तो म्हणेल, मी येऊन बोलतो. ‘मी अजून तयार नाही’ म्हटले आणि चार महिन्यांनी तुम्ही दुसऱ्या कोणाबरोबर मिरामारला दिसलात, तर त्याला कळेल की तयारीचा प्रश्न नव्हताच. आणि तुम्ही दिसालच. 2011 च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. कोणाचा तरी चुलतभाऊ कुठेतरी असतोच. इथे खोटे कारण आठवडाभरही टिकत नाही.

‘तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल’ हेही टाळा. ज्याला तुम्ही हव्या होतात, त्याला त्या वाक्यात काहीच मिळत नाही.

तो म्हणाला, ‘पण माझं चुकलं काय?’ काय उत्तर द्यायचे?

‘काही चुकलं नाही. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, माझ्या मनात ते आलं नाही एवढंच आहे.’ तो पुन्हा विचारेल, वेगळ्या शब्दांत. तुम्हीही तेच पुन्हा म्हणा, जवळपास त्याच शब्दांत. दर वेळी नवे कारण दिले तर त्याला वाटेल खरे कारण अजून आत आहे.

दिसणे, उंची, बोलण्याची ढब, पगार यांबद्दल काही बोलू नका, त्याने आग्रह केला तरी. ती माहिती त्याला उपयोगी पडत नाही, फक्त लक्षात राहते. एखादी वागणूक खरेच खटकली असेल, उदाहरणार्थ तो दर वेळी अर्धा तास उशिरा येत होता, आणि त्याने मनापासून विचारले, तर ते सांगता येईल. पण नकाराचे कारण ते नव्हते, हेही लगेच सांगा.

‘अजून दोन वेळा भेटू, मग ठरव’ असे आले तर: ‘मी विचार करूनच सांगितलंय. आणखी भेटले तर तुझी आशा वाढेल, आणि माझं उत्तर तेच राहील.’ दहा-पंधरा मिनिटांनी फोन संपवा. तासभर चाललेला नकार दोघांनाही पिळून काढतो.

मैत्री ठेवूया, असे म्हणावे का?

त्याच फोनवर नको. तेव्हा ते सांत्वनासारखे वापरले जाते आणि समोरचा मागच्या दारासारखे घेतो. तुम्हाला खरेच मैत्री हवी असेल तर निदान दोन-तीन महिने पूर्ण शांतता जाऊ द्या: सकाळचे मेसेज नाहीत, स्टेटसवर बदाम नाहीत, विनोदी चित्रफिती पाठवणे नाही. रोजचे बोलणे एकदम बंद होणे तुम्हालाही टोचेल, कारण सवय तुमचीही होती. ती टोचणी म्हणजे ओढ नव्हे, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ जण याच आठवड्यात घसरून ‘कसा आहेस?’ पाठवतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

ओळख करून देणाऱ्या मावशीला काय सांगायचे?

आधी त्याला, मग मावशीला, आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी. त्याला मावशीकडून कळले तर त्याहून मोठा अपमान नाही. मावशीला दोन वाक्ये: ‘मावशी, मुलगा खूप चांगला आहे, पण माझं मन जुळलं नाही. मी त्याला स्वतः सांगितलंय.’ मावशी कारण विचारेल, प्रेमानेच विचारेल. त्याच्याबद्दलचा एकही तपशील देऊ नका, हात धरल्याचाही नाही. तुम्ही सांगितलेला शब्द फोंड्याला एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या आईपर्यंत पोचू शकतो.

नंतर जत्रेत किंवा नाटकाला समोरासमोर आलो तर?

ओळख द्या. मान हलवून ‘कसा आहेस? बरंय ना?’ एवढे म्हणा आणि पुढे जा. वाट बदलून जाणे लहान जागेत सगळ्यांच्या लक्षात येते आणि त्याला वाटते त्याने काही पाप केले. बरोबर नवा कोणी असेल तर लपवू नका, ओळख करून द्यायलाही थांबू नका.

तो पुन्हा पुन्हा मेसेज करतो, किंवा रागाने बोलतो.

दुखावलेल्या माणसाचे एक-दोन कडवट मेसेज सहन करता येतात. उत्तर एकदाच, शांतपणे: ‘मी माझा निर्णय सांगितलाय, यापुढे उत्तर देणार नाही.’ मग खरोखर देऊ नका. विसाव्या मेसेजला दिलेले उत्तर त्याला शिकवते की वीस पाठवावे लागतात. तो ऑफिसबाहेर उभा राहू लागला, धमक्या देऊ लागला, फोटो पसरवायचे म्हणू लागला, तर तो नाराजीचा भाग संपला. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, घरच्यांना सांगा आणि पोलिसांकडे जा; तातडीचा क्रमांक 112. नकार मिळालेल्या स्त्रीचा पाठलाग करत राहणे हा भारतात गुन्हा आहे.

उलट झाले तर? मला गुंतायला झाले आहे आणि समोरची ओढ वाढताना दिसत नाही.

मग विचारा. ‘मला हे पुढे जावं असं वाटतंय. तुझ्या मनात तसं काही येतंय का? नसेल तर सरळ सांग, मला चालेल.’ शेवटचे वाक्य म्हणाल तर ते पाळण्याची तयारी ठेवा. उत्तर ‘बघू’, ‘वेळ दे’ असे आले तर विचारा की किती, आणि त्या तारखेपर्यंत थांबा. तारीख न देता वेळ मागितला गेला तर बहुतेक वेळा समोरच्याला नाही म्हणवत नसते, आणि ते त्याच्या वतीने तुम्हीच म्हणून टाकावे लागते.

सांगून टाकले, आणि तीन आठवड्यांनी वाटते आहे की चुकले. आता?

आधी बघा, आठवण कशाची येते. रविवारी संध्याकाळी करायला काही नाही, फोन वाजत नाही, मैत्रिणीचे लग्न ठरले, अशा वेळीच येत असेल तर ती एकटेपणाची आहे. त्याचीच येत असेल, त्याच्या विशिष्ट बोलण्याची, चालण्याची, आणि त्याला दुसऱ्या कोणाबरोबर बघायची कल्पना पोटात खड्डा पाडत असेल, तर ते वेगळे आहे. जुन्या नोंदी पुन्हा वाचा. त्या रात्री ‘काही नाही’ लिहिले होते ते आज खोटे वाटते का, हे प्रामाणिकपणे ठरवा. आणि तरी परत बोलायचेच असेल तर एकदाच बोला, आणि त्याने ‘आता नको’ म्हटले तर ते पहिल्याच खेपेला ऐका.